फोटोतला पोचा आणि बंपरच्या मागचं

"ताई, फोटो पाठवलाय, बघा ना जरा, किती लागलंय? खर्च किती येईल?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी बॉडीशॉपला एस्टिमेट काढते त्यामुळे असे फोटो मला सारखे येतात, आणि बहुतेक सगळे एकाच प्रकारचे असतात, म्हणजे मोबाईल पोच्याच्या अगदी जवळ नेऊन काढलेला, त्यात पोचा दिसतो पण गाडी दिसत नाही. त्यावरून रंग किती गेलाय, प्लास्टिक फाटलंय का एवढं सांगता येतं. पण माझं लक्ष पोच्यापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या फटींकडे जास्त असतं, धक्का आत कुठपर्यंत गेला ते तिथे कळतं.

परवाचीच केस घ्या. चार वर्षं व्हायला आलेली हॅचबॅक, पावसात डिव्हायडरला पुढचा डावा कोपरा लागला. फोटोत बंपरचा कोपरा फाटलेला, फेंडरला चाकाच्या वर पोचा, हेडलाइट अख्खा. ओळखीच्या एका मेकॅनिकने त्यांना सांगितलं होतं की बंपर रंगवून घ्या, फेंडर ठोकून काढतो, लाइटला काही झालेलं नाही. मी त्यांना म्हटलं आधी अजून चार फोटो पाठवा: एक दहा-बारा फूट लांब उभं राहून समोरून, एक कोपऱ्यातून तिरका, एक बोनेट आणि फेंडरच्या मधल्या फटीचा, आणि एक उजव्या बाजूच्या त्याच फटीचा. हा शेवटचा लोकांना कळत नाही, चांगल्या बाजूचा फोटो कशाला म्हणतात, पण तो नसेल तर तुलना कशाशी करणार?

आणि सावलीत काढा, गाडी धुतलेली असेल तर उत्तम. कडक उन्हात पांढऱ्या गाडीचा उथळ पोचा फोटोत दिसतच नाही आणि काळ्या गाडीवर झाडाचं प्रतिबिंबसुद्धा पोच्यासारखं वाटतं.

तर या गाडीत उजवीकडची फट वरपासून खालपर्यंत सारखी होती आणि डावीकडची हेडलाइटजवळ अरुंद होऊन मागे रुंद होत गेलेली. म्हणजे फेंडर नुसता दबलेला नाही, जागेवरून सरकलाय. आणि हेडलाइटची काच अख्खी असली तरी लाइट आणि बंपरच्या मधे बोट जाईल एवढी फट होती, तेव्हा मागचे प्लास्टिकचे कान तुटले असणार असं मी धरलं. लाइट त्या कानांवर स्क्रूने बसतो, कान गेले की काच कितीही चांगली दिसू दे, लाइट हलतो आणि रात्री झोत भलतीकडे पडतो. काही मॉडेलना कानांचं वेगळं किट मिळतं पण बऱ्याच वेळा पूर्ण लाइटच बदलावा लागतो, आणि खर्च तिथे उडी मारतो.

बंपर म्हणजे वरचं पातळ प्लास्टिक, ते धक्का बसला की आत जातं आणि बऱ्याचदा परत बाहेर येतं, म्हणून बाहेरून फार काही वाटत नाही. पण त्याच्या मागे ब्रॅकेट असतात, लोखंडी आडवा बार असतो, त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि मग रेडिएटर. कोपऱ्यात बऱ्याच गाड्यांना वायपरच्या पाण्याची टाकी असते. यातलं काहीच फोटोत येत नाही, म्हणून मी फोनवर विचारते: गाडीखाली हिरवं किंवा गुलाबी पाणी सांडलंय का? एसी गार होतोय का? स्टिअरिंग सरळ धरल्यावर गाडी सरळ जातेय का? आणि चाकाच्या पुढची-मागची जागा दोन्ही बाजूंना सारखी आहे का? रंगीत पाणी म्हणजे कूलंट, ते सांडत असेल तर गाडी चालू करायची नाही, टोच करून आणायची. चाक मागे सरकलं असेल तरी तेच. एअरबॅग उघडली नाही म्हणजे किरकोळ आहे असंही समजू नका, असल्या कोपऱ्यावरच्या हलक्या धडकेत ती बऱ्याचदा उघडत नाही पण आतला पत्रा वाकलेला असू शकतो.

या गाडीत कूलंट सांडत नव्हतं, चाकही जागेवर होतं, त्यामुळे ती चालवत आणायला हरकत नव्हती. पण पुढची पायरी मी सरळ सांगितली की बंपर उघडू नका, कुणालाही ठोकू देऊ नका, आधी इन्शुरन्स कंपनीला कळवा. सर्व्हेअरने गाडी लागलेल्या अवस्थेत बघायला हवी, आधीच उघडली किंवा अर्धी रिपेअर केली तर नंतर आत सापडलेलं नुकसान याच धडकेतलं आहे हे पटवता येत नाही. त्याने बघितल्यावर बंपर उतरवायचा आणि आत जे निघेल त्याचं सप्लिमेंटरी एस्टिमेट द्यायचं.

आता क्लेम करायचा की खिशातून भरायचं, हे सगळेच विचारतात, म्हणून हिशेब मांडून दाखवते. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. समजा बंपर 3,500, हेडलाइट 5,000, फेंडर 2,500 आणि दोन पॅनलचं पेंटिंग 8,000, एकूण 19,000. झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, घेतलेलं नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर 50 टक्के कापतात, म्हणजे बंपरचे 1,750 आणि लाइटचे 2,500 तुमचे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला पत्र्यावर 25 टक्के, म्हणजे फेंडरचे 625. पेंटिंगच्या बिलातला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 1,000. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 सक्तीचे वजा. तुमच्या खिशातून 6,875, कंपनीकडून 12,125.

पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. समजा तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम, थर्ड पार्टी सोडून, 6,000 आहे. क्लेम केला नसता तर पुढच्या वर्षी 45 टक्के सूट आणि नंतर 50 मिळत राहिली असती, आता ती 0, 20, 25, 35, 45 अशी परत चढणार. पाच वर्षांचा फरक बेरजेला 7,200 होतो, आणि गाडीची किंमत दरवर्षी कमी होत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणजे या केसमध्ये क्लेम करणं फायद्याचं.

हेच जर फक्त बंपर रंगवायचं 4,000 चं काम असतं तर कंपनीने दिले असते 2,500 आणि बोनसचं नुकसान तेवढंच मोठं, तेव्हा मी सरळ खिशातून भरा म्हणाले असते. म्हणूनच आत काही गेलंय का हे ठरल्याशिवाय मी क्लेमबद्दल हो किंवा नाही सांगत नाही.

रंगाचं एक राहिलं. चांदीसारखा किंवा मेटॅलिक रंग असेल तर एकच पॅनल रंगवला की शेजारचा दार वेगळ्या छटेचा दिसतो, त्यामुळे दारावरही थोडा रंग मिसळवत न्यावा लागतो, आणि एस्टिमेटमध्ये न लागलेल्या दाराचं नाव बघून लोक चिडतात. ते फसवणं नाहीये, पण का लिहिलंय ते विचारा आणि दुकानवाल्याने नीट सांगितलंच पाहिजे. या गाडीचा रंग पांढरा साधा होता, त्यामुळे दाराला हात लावावा लागला नाही.

बंपर उतरवल्यावर लाइटचे दोन कान तुटलेले निघाले, कोपऱ्यातलं ब्रॅकेट गेलेलं आणि कंडेन्सरच्या कडेच्या जाळ्या थोड्या वाकलेल्या, पण गॅस सुटत नव्हता म्हणून त्या सरळ करून तो तसाच ठेवला. लोखंडी बार सरळ होता. फेंडर बोल्टवर बसतो, म्हणून ठोकून पुट्टी भरत बसण्यापेक्षा नवा लावणं बरं पडलं. मागच्या बाजूचा पॅनल असता तर हे बोलले नसते, कारण तो वेल्ड केलेला असतो, बदलायचा तर गाडी कापावी लागते, तिथे दुरुस्त होत असेल तर दुरुस्तच करावा.

ब्रॅकेटचं सप्लिमेंटरी पाठवलं, ते मंजूर झालं.