‘होईल’, ‘करू’ आणि ‘बघू’: एका टाउन हॉलचं इतिवृत्त

टाउन हॉल म्हणजे व्यवस्थापन आणि कर्मचारी यांची एकत्र सभा. आमची सभा नव्वद मिनिटांची होती, त्यातली शेवटची पन्नास प्रश्नोत्तरांची. माइकवर बारा प्रश्न आले, फॉर्म आणि चॅटमधून एकोणतीस. इतिवृत्त दोन कामकाजी दिवसांत द्यायचं होतं. लिहिणारे आम्ही दोघं होतो. एक जण उत्तरं टिपत होता आणि दुसरा प्रत्येक प्रश्नासमोर रेकॉर्डिंगची वेळ लिहीत होता. ही दुसरी नोंद क्षुल्लक वाटते, पण पुढचा सगळा पेच तिच्यामुळेच सुटला.

एक्केचाळीस प्रश्न जसेच्या तसे छापले तर कुणी वाचत नाही, म्हणून विषयवार गट करावे लागतात. पगारवाढ, बढती, घरून काम, उपकरणं असे गट सहज पडले. पाळ्यांचा गट मात्र चुकला. त्यात नऊ प्रश्न होते आणि पहिल्या मसुद्यात त्यांचा एकच प्रश्न झाला होता: ‘पाळ्यांचं वेळापत्रक ऐन वेळी बदलतं, यावर काय करणार?’ त्याखाली कामकाज विभागाच्या प्रमुखांचं उत्तर होतं. वाचताना सगळं नीट वाटत होतं.

मूळ नऊ प्रश्न पुन्हा एकेक करून वाचले, तेव्हा दोन वेगळे निघाले. त्यांचं म्हणणं असं होतं की सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल मिळणारी बदली रजा साठ दिवसांत घ्यावी लागते, पण पाळी सारखी बदलत राहिल्याने ती घेताच येत नाही आणि मुदत संपून जाते. प्रमुख वेळापत्रकाबद्दल बोलले होते, रजेबद्दल एक शब्दही नाही. आमच्या एकत्रीकरणामुळे उत्तर न मिळालेला प्रश्न उत्तर मिळाल्यासारखा दिसत होता. इतिवृत्तातली ही सर्वांत वाईट चूक. ती खोटी नसते, त्यामुळे वाचणाऱ्याला पकडता येत नाही. ती कळते फक्त विचारणाऱ्याला, आणि पुढच्या वेळी तो प्रश्न विचारतच नाही.

तेव्हापासून आम्ही दोन कामं वेगळी ठेवतो. एका मथळ्याखाली कितीही प्रश्न ठेवावेत. पण दोन प्रश्नांचा एक प्रश्न करायचा तर आधी पाहायचं, की दिलेल्या उत्तरावर दोन्ही विचारणारे गप्प बसतील का. एकानेही ‘पण माझं काय?’ म्हटलं असतं, तर प्रश्न सुटेच राहतात. प्रत्येक गटाच्या शेवटी ‘उत्तर राहिलेले प्रश्न’ अशी ओळ असतेच, रिकामी असली तरी. त्या नऊपैकी सात एकत्र राहिले आणि दोन या ओळीखाली गेले.

आता आश्वासनं. इथे मराठी क्रियापदांकडे फार बारीक लक्ष द्यावं लागतं. ‘होईल’ या शब्दात करणारा दिसतच नाही. काम होईल खरं, पण करणार कोण? ‘करू’ म्हणणारा आपल्या विभागाबद्दल बोलतोय की सगळ्या व्यवस्थापनाबद्दल, ते विचारून घ्यावं लागतं. ‘करून घेऊ’ म्हणजे काम तिसऱ्याच माणसाकडे आहे आणि बहुधा त्याला अजून माहीतही नाही. ‘बघू’ हे आश्वासन नाहीच.

त्या दिवशी रात्रपाळीच्या भत्त्याबद्दल वित्त प्रमुख म्हणाले, ‘त्याचं आपण सकारात्मकपणे बघू.’ सभागृहात टाळ्या पडल्या आणि टाळ्यांच्या भरात मसुद्यात उतरलं: ‘भत्ता वाढवण्यास व्यवस्थापनाने तत्त्वतः मान्यता दिली.’ टाळ्या ऐकणाऱ्यांनी वाजवल्या होत्या, मान्यता कुणी दिली नव्हती. ते वाक्य तसंच गेलं असतं तर पुढच्या पगाराच्या दिवशी लोकांनी भत्ता शोधला असता. आम्ही त्यांचे शब्द अवतरणात ठेवले आणि शेरा लिहिला: ‘आश्वासन नाही, विचाराधीन.’ मग त्यांना एकच गोष्ट विचारली: विचार करून कळवणार कधी? त्यांनी तारीख दिली. त्यामुळे भत्ता वाढवण्याचं नव्हे, तर निर्णय कळवण्याचं आश्वासन नोंदलं गेलं. हा फरक वाक्यात स्पष्ट दिसायलाच हवा.

खरी अडचण वेळापत्रकाच्या आश्वासनावर आली. कामकाज प्रमुख म्हणाले होते, ‘पुढच्या महिन्यापासून वेळापत्रक किमान सात दिवस आधी लागेल, आणीबाणीचे बदल सोडून.’ आकडा, सुरुवात, अपवाद सगळं होतं. सभा मात्र २७ तारखेला झाली होती आणि पुढचा महिना चार दिवसांवर आला होता. मसुदा त्यांच्याकडे तपासायला गेला, तो परत आला तेव्हा वाक्य बदललेलं होतं: ‘वेळापत्रक लवकर लावण्याचा प्रयत्न केला जाईल.’ सात दिवस गेले, महिना गेला, आणि ‘केला जाईल’मध्ये करणाराही गेला.

वाद घालत बसण्याऐवजी आम्ही रेकॉर्डिंगमधली एकसष्टाव्या मिनिटाची ती पंधरा सेकंदं त्यांना ऐकवली. त्यांनी लगेच कबूल केलं की असंच म्हटलं होतं. अडचणही खरी होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक आधीच लागलं होतं, पहिल्या तारखेपासून शब्द पाळणं शक्यच नव्हतं. तपासणीला मसुदा पाठवायचा तो अशाच गोष्टींसाठी: नाव चुकलं, आकडा चुकला, गोपनीय माहिती आली तर दुरुस्त करायला. बोललेलं न बोललेलं करायला नाही. म्हणून मूळ वाक्याला हात न लावता खाली त्यांचं स्पष्टीकरण वेगळ्या तारखेने जोडलं. अंतिम नोंद अशी झाली:

आश्वासन ३. सभेतले शब्द: ‘पुढच्या महिन्यापासून वेळापत्रक किमान सात दिवस आधी लागेल, आणीबाणीचे बदल सोडून.’ जबाबदार: कामकाज प्रमुख. सभेनंतरचं स्पष्टीकरण, २९ तारीख: पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक आधीच लागलेलं असल्याने अंमल ८ तारखेपासून. आणीबाणी म्हणजे आजारपणामुळे किंवा यंत्र बंद पडल्यामुळे करावा लागलेला बदल. स्थिती: सुरू.

आणीबाणीची व्याख्या आम्ही मागून घेतली. ती नसती तर प्रत्येक बदल आणीबाणीचा ठरला असता आणि आश्वासन कागदावर पाळलंही गेलं असतं.

एक गोष्ट नावांबद्दल. फॉर्मवर नाव मागितलं नव्हतं, तरी एका प्रश्नात ‘आमच्या तिघांच्या टीममध्ये नवीन आलेल्याला’ असे शब्द होते. नाव काढून भागत नाही, असा तपशीलही काढावा लागतो. तक्रारीची धार मात्र कमी करायची नाही. ‘लहान टीममध्ये नव्या माणसाला प्रशिक्षणाविना रात्रपाळी दिली जाते’ एवढं पुरलं. ‘प्रशिक्षणाबाबत सूचना’ असं लिहिलं असतं तर प्रश्नच नाहीसा झाला असता.

राहिलेले रजेचे दोन प्रश्न मनुष्यबळ विभागाकडे लेखी गेले, सात दिवसांची मुदत घालून. उत्तर सहाव्या दिवशी आलं: मुदत साठ दिवसांचीच राहील, पण विभागाने पाळी बदलल्यामुळे रजा घेता आली नाही तर तीस दिवस वाढवून मिळतील, अर्जासोबत दोन्ही वेळापत्रकं जोडावीत. ते त्याच इतिवृत्तात, त्याच प्रश्नांखाली, तारखेसह चढवलं. पुढच्या टाउन हॉलची सुरुवात या यादीच्या वाचनाने झाली. आश्वासन ३ वाचताना मागच्या रांगेतून कुणीतरी सांगितलं की १५ तारखेच्या आठवड्याचं वेळापत्रक पाचच दिवस आधी लागलं होतं. प्रमुखांनी ते मान्य केलं आणि स्थितीच्या रकान्यात ‘सुरू’ खोडून आम्ही ‘एकदा चुकलं’ असं लिहिलं.