घ की ध?

परवा दुपारी लाईट गेली आणि कूलर बंद पडला. भाची माझ्या मागे लोळत होती. कंटाळून ती माझ्या पाठीवर बोटानं काहीतरी गिरवायला लागली. "ओळख," म्हणाली. मी थेट अकोल्याच्या गच्चीवर.

मे महिन्यात खाली झोपायची सोयच नव्हती. सहाच्या सुमारास गच्चीवर पहिलं पाणी मारायचं. ते चर्र करून नुसती वाफ व्हायचं. तास-दीड तासानं दुसरं. घाई करून तेव्हाच गाद्या टाकल्या तर खालून ओल आणि वर घाम, म्हणून तळव्याला स्लॅब कोरडा लागला की मगच अंथरूण. तरी दिवसभर प्यायलेलं ऊन तो मध्यरात्रीपर्यंत परत करत राहायचा. झोप कुठली यायला!

पलीकडे आजोबा लवकर झोपत, त्यामुळे आमचे खेळ बिनआवाजाचे. पाठीवर अक्षरं काढायची, समोरच्यानं ओळखायचं. गुदगुल्या होऊन हसला तो बाद. शिरोरेघ शेवटी, ती ओढली की शब्द संपला. 'ख' कुणालाच ओळखता यायचा नाही, सगळे 'रव' म्हणायचे. खरी भांडणं घ आणि ध वरून. धच्या डोक्यावरची रेघ तुटकी असते, पण घामट बनियनवर ती तुटलेली कळणार कशी? मोठा आतेभाऊ मुद्दाम 'धर' लिहायचा आणि आम्ही 'घर' म्हटलं की जिंकायचा. 'घर' लिहिलं असतं तरी तोच जिंकला असता, हे मला फार उशिरा कळलं.

खुसखुस वाढली की आजी कुशीवर वळायची.

"कापूसकोंड्याची गोष्ट सांगू काय?"

"हो."

"हो काय म्हनतं? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू काय?"

"नको."

"नको काय म्हनतं? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू काय?"

एकदा धाकट्यानं शक्कल लढवली, बोलायचंच नाही. आजी थोडी थांबली. "काऊन गप बसलास रे? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू काय?" सुटका नव्हतीच. तिचा आवाज मात्र दर फेरीला खाली खाली जायचा. मी उताणा पडून सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा बघत असायचो. वसिष्ठाला चिकटून अरुंधती दिसते का, हे बघताना डोळे बारीक करावे लागतात आणि बारीक केलेले डोळे मिटायला वेळ लागत नाही. आग्नेयेला उगवणारा विंचू पुरता वर आलेला मी पहाटे पाण्याला उठलो तरच पाहिला असेल, आणि तोवर तो पश्चिमेकडे कललेला असायचा.

"मामा, ओळख ना!"

"घ," मी म्हणालो.

तेवढ्यात लाईट आली, कूलर घरघरला, आणि ती उठून पळाली. बरोबर होतं की नाही, सांगितलंच नाही तिनं.