युरोच्या पेमेंटसाठी किती पैसे बाजूला ठेवायचे, माझा अनुभव

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, इटलीहून एक पॅकिंग मशीन मागवली, 40,000 युरो, पेमेंट तीन महिन्यांनी. ऑर्डर दिली त्या दिवशी युरो 90 रुपये होता म्हणजे 36 लाख, आणि रेट वर गेला तर सोसायला माझ्याकडे जास्तीत जास्त 1 लाख.

आधी मी गंमतच केली, वर्षभराचे रेट एक्सेलमध्ये टाकले आणि सरळ त्या रेटचंच स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं. मित्र म्हणे, "भाऊ, रेटचं काहून काढतोस? वर्षभर युरो हळूहळू चढला असंल तर तो चढही त्यात मोजला जाते. रोज किती टक्के हलला ते काढ न." मग असं केलं:

```
=LN(B3/B2)
=STDEV.S(C3:C252)
```

उत्तर आलं 0.97%, मला जरा जास्तच वाटलं म्हणून रिटर्नच्या, म्हणजे रोजच्या टक्क्यांच्या, कॉलमचं MAX आणि MIN बघितलं तर एका दिवशी साडेनऊ टक्के वर आणि दुसऱ्याच दिवशी तेवढंच खाली! 89.30 च्या जागी मी 98.30 टाइप केलं होतं 😅 एका आकड्यानं सगळं दुपटीवर नेलं. दुरुस्त केल्यावर 0.45%.

आता तीन महिन्यांचं. 90 दिवस धरायचे नाहीत, शनिवार-रविवार रेट नसतो, म्हणून 63 धरले. रोजचे चढउतार एकमेकांना थोडे खातात, म्हणून हालचाल दिवसांच्या नाही, दिवसांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. 63 चं वर्गमूळ साधारण 7.94, त्याला 0.45% ने गुणलं, म्हणजे तीन महिन्यांची हालचाल 3.57%. मला भीती फक्त युरो महागण्याची, म्हणून याला 1.65 ने गुणलं, 5.9% आलं, 36 लाखांवर सुमारे 2.12 लाख. म्हणजे वीसपैकी एखाद्या वेळीच याहून जास्त फटका बसेल, तेही रिटर्न नॉर्मल वक्रासारखे वागले तर, आणि खऱ्या बाजारात मोठे झटके त्याहून जास्त वेळा येतात. शिवाय मागचं वर्ष शांत गेलं असेल तर आकडा फसवतो, म्हणून शेवटच्या 20 दिवसांचंही काढून बघितलं, ते कमी निघालं, मी मोठाच आकडा ठेवला.

सोसायची ताकद 1 लाख आणि धोका 2.12 लाख, म्हणजे जेमतेम 47% उघडं ठेवू शकतो, बाकी 21,000 युरोचा बँकेत फॉरवर्ड केला, म्हणजे तीन महिन्यांनी द्यायचा रेट आजच पक्का करून टाकला. फॉरवर्डचा रेट त्या दिवशीच्या रेटपेक्षा जास्त होता, तो फरक बजेटमध्ये वेगळा लिहिला कारण तो खर्च नक्कीच होणार होता, 1 लाखात घुसवला असता तर बफर तिथंच खाल्लं गेलं असतं.

पेमेंटच्या दिवशी युरो 92.40 होता. उघड्या 19,000 युरोवर 45,600 रुपये जास्त गेले, बाकीचे पैसे मशीनच्या फाउंडेशनला लागले.