सोजू आणि शोचू : पाणी कुठे पडतं?

मागच्या नोंदीत नुसती शोचू होती, म्हणजे जपानची गाळलेली दारू. आता कोरियाची सोजू शेजारी ठेवून चाखणं सुरू केलंय. जपानच्या क्युशू बेटावर फुकुओकात राहत असल्यामुळे दोन्ही बाटल्या सहज मिळतात, क्युशूची शोचू तर घरचीच म्हणायची. चाखताना एकच नियम ठेवला आहे: बाटलीवरचा आकडा बाजूला ठेवायचा आणि पेल्यात प्रत्यक्ष जे येतं त्याची तुलना करायची.

बाटल्यांवर बघाल तर हिरव्या बाटलीतल्या साध्या सोजूवर हल्ली 16 टक्के असतं आणि क्युशूतल्याच कागोशिमाच्या रताळ्याच्या शोचूवर 25. त्यावरून शोचू कडक आणि सोजू हलकी असं सगळे धरून चालतात. पण ही शोचू तिच्या गावात बहुतेक जण गरम पाणी घालून पितात. त्याला ‘ओयुवारी’ म्हणतात आणि नेहमीचं माप सहा भाग शोचू, चार भाग पाणी. 90 मिली शोचूत 22.5 मिली अल्कोहोल असतं. त्यात 60 मिली पाणी घातलं की 150 मिलीत ते 15 टक्क्यांवर येतं. सोजूचा पेला असतो साधारण 50 मिलीचा. तीन पेले म्हणजे तेवढेच 150 मिली, अल्कोहोल 24 मिली. म्हणजे घोटाला सोजूच किंचित कडक! पाणी दोन्हींत पडतं. सोजूत ते कारखान्यात पडतं, शोचूत बरंचसं पिणाऱ्याच्या हातून. माझ्या मते या दोघींमधला बाकीचा बराचसा फरक याच्याच मागोमाग येतो.

सोजूचं आधी. आजची स्वस्त सोजू एका धान्याची दारू राहिलेली नाही. टॅपिओका, रताळं, तांदूळ, बार्ली, जो स्टार्च परवडेल तो आंबवून उंच स्तंभातून सलग गाळत 95 टक्क्यांपर्यंत नेतात. इतक्या वर गेल्यावर कच्च्या मालाची चव उरतच नाही. मग त्यात पाणी आणि स्टेव्हियासारखं गोडवा देणारं काहीतरी घालतात. हे वळण पक्कं झालं ते 1965मध्ये, जेव्हा धान्यटंचाईमुळे दक्षिण कोरियात दारू गाळायला धान्य वापरण्यावर बंदी आली. बंदी 1990च्या दशकात उठली, पण तोवर लोकांच्या जिभेला हीच चव लागली होती. तीव्रताही घसरतच गेली: जिनरोची सोजू 1924मध्ये 35 टक्के होती, 1965मध्ये 30, 1973मध्ये 25. पुढे 1998मध्ये जिनरोचीच चामिसुल 23वर आली आणि आता 16. पाणी वाढलं की स्पिरिट कमी लागतं, त्यामुळे उत्पादकांना हे सोयीचंच.

शोचूत उलट. होनकाकु म्हणजे अस्सल शोचू भांड्याच्या भट्टीत एकदाच गाळतात, त्यामुळे रताळ्याचा वास सोबत येतो. (स्तंभातून सलग गाळलेली शोचूही जपानात आहे. ती लिंबूपाणी-सोड्यात घालून चुहाय करतात आणि चवीला सोजूची सख्खी बहीण. तिला या नोंदीतून वगळलंय.) कृती दोन टप्प्यांत होते. आधी वाफवलेल्या तांदळावर कोजी बुरशी वाढवतात आणि त्यात पाणी आणि यीस्ट घालून पाच-सहा दिवस आंबवतात. मग कोजीच्या तांदळाच्या साधारण पाचपट वाफवलेलं रताळं घालून आणखी आठवडाभर ठेवतात. इथे पांढरी किंवा काळी कोजी वापरतात, साकेची पिवळी नाही. कारण क्युशूच्या उष्म्यात पिवळ्या कोजीचं आंबवण लवकर नासतं. पांढरी आणि काळी कोजी सायट्रिक आम्ल तयार करतात, त्यात नासवणारे जिवाणू तग धरत नाहीत. हे आम्ल वाफेबरोबर वर जात नाही, म्हणून गाळलेली शोचू आंबट लागत नाही. भट्टीतून ती साधारण 37-38 टक्क्यांची निघते आणि पाण्याने 25वर आणतात.

कच्चा माल बदलला की गावही बदलतं: रताळं कागोशिमाचं, तांदूळ कुमामोतोतल्या कुमा खोऱ्याचा, बार्ली इकी बेट आणि ओइताची, काळी साखर अमामी बेटांची.

आता चाखण्याकडे. थंडगार सोजू आणि कोमट ओयुवारी शेजारी ठेवली तर तुलना लबाडीची होते, म्हणून दोन्ही आधी एकाच तापमानाला चाखल्या. खोलीच्या तापमानाला सोजूत गोडवा पुढे येतो, मागून स्पिरिटचा झोंबरा वास. तशी ती फसतेच. ती बर्फात ठेवलेल्या बाटलीतून, छोट्या पेल्यात, सामग्योप्सालच्या तुपकट डुकराच्या मांसाबरोबर प्यायची चीज आहे. थंडीने वास दबतो आणि गोडसर घोट चरबी धुऊन नेतो. कोरियात स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. समोरच्याने दोन्ही हातांनी ओतायचं, वडीलधाऱ्यांसमोर तोंड बाजूला वळवून प्यायचं आणि अर्धा पेला पुन्हा भरायचा नाही. छोटा पेला आणि ही रीत यामुळे बाटली झपाट्याने संपते. एक सावधगिरी: 360 मिलीच्या बाटलीत 57.6 मिली अल्कोहोल असतं, म्हणजे वरच्या मापाच्या अडीच ओयुवारीपेक्षा थोडं जास्तच. गोडव्यामुळे ते कळत नाही.

रताळ्याची शोचू मात्र गरम पाण्यातच खुलते. मी पाणी 80 अंशांचं घेतो, शोचू खोलीच्या 25 अंशांची. सहास-चार मापाने मिश्रण 47 अंशांच्या आसपास येतं, कप तापण्यात थोडी उष्णता जाते ती सोडून. पाणी आधी, शोचू नंतर. उकळतं पाणी वरून ओतलं तर नाकात पहिला भपका अल्कोहोलचा येतो आणि भाजलेल्या रताळ्याचा गोड वास त्यामागे दडतो. कपावर नाक नेल्यावर डोळे चुरचुरले तर पाणी जास्त गरम आहे असं समजा. फेणी पिणाऱ्यांना हा वास परका वाटणार नाही. व्होडकावाल्यांना पहिल्यांदा जड जातो. बार्लीची शोचू सौम्य असते आणि बर्फावर बरी लागते, पण माझा जीव रताळ्यातच.

सगळ्यात चुरशीची फेरी वेगळीच निघाली: आन्दोंग सोजू विरुद्ध कुमाची तांदळाची शोचू. कोरियातल्या आन्दोंग शहराची ही जुन्या पद्धतीची गाळलेली सोजू 45 टक्क्यांची असते. तिच्या 100 मिलीत 80 मिली पाणी घातलं की ती 25वर येते आणि दोघी समोरासमोर उभ्या राहतात. दोन्ही तांदळाच्या, दोन्हींत गोडवा घातलेला नाही. फरक बुरशीचा. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम पेरलेली एक निवडक बुरशी. आन्दोंगच्या सोजूत तिच्या जागी नुरुक असते, म्हणजे ओलसर भरडलेल्या गव्हाच्या दाबलेल्या वड्या, ज्यांवर हवेतल्या बुरश्या, यीस्ट आणि जिवाणू आपसूक वाढतात. कुमाची शोचू स्वच्छ, भाताच्या पेजेच्या वासाची. आन्दोंग खमंग, मातकट, शेवटी किंचित कडवट. हिरव्या बाटलीशी तिचं नाव सोडून काहीच जुळत नाही, उलट शोचूशी नातं जवळचं वाटतं.

पुढची तयारी: मापात पाणी मिसळून रात्रभर मुरवलेली शोचू, ‘माएवारी’. कागोशिमात ती काळ्या मातीच्या चपट्या किटलीत, कुरोजोकात, मंद आचेवर कोमट करतात. माझ्याकडे कुरोजोका नाही, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी करून बघणार आहे. सहास-चार आणि निम्मंनिम्मं अशी दोन मापं भरून ठेवली आहेत.