आमची वाटचाल : एका पेवाची बारा वर्षे

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या चार माणसांच्या डिझाइन कार्यालयाची सुरुवात लग्नपत्रिका, बिलबुके आणि दुकानांच्या पाट्या यांपासून झाली, आणि आजही घरखर्च बहुतांशी त्याच कामांवर चालतो. तरीही कामाची समज आम्हाला कशामुळे आली असे कोणी विचारले, तर मी हळदीशी संबंधित एका वार्षिक परिषदेचेच नाव काढतो. हळद उत्पादक, व्यापारी आणि प्रक्रिया करणारे दरवर्षी हंगामाच्या तोंडावर सांगलीत दोन दिवस जमतात. आयोजकांची अपेक्षा पहिल्या दिवसापासून एकच होती : दर वर्षी काहीतरी नवीन दिसले पाहिजे, पण परिषद तीच आहे हे लांबून कळले पाहिजे.

पहिल्या दोन वर्षांत या अपेक्षेचा अर्धाच भाग आमच्या लक्षात आला. पहिल्या वर्षी हळकुंडाचे चित्र असलेले बोधचिन्ह केले. दुसऱ्या वर्षी समितीचा अध्यक्ष बदलला, नव्या अध्यक्षांना नवे चिन्ह हवे होते, आणि आम्हीही उत्साहाच्या भरात चिन्ह, रंग आणि अक्षरे असे तिन्ही एकदम बदलून टाकले. डिझाइन म्हणून ते पहिल्यापेक्षा सरस होते, असे मला अजूनही वाटते. परंतु आदल्या वर्षी दालन घेतलेल्या दोन-तीन व्यापाऱ्यांनी निमंत्रण बाजूला ठेवले आणि ‘ही दुसऱ्याच कोणाची तरी परिषद दिसते’ असे फोनवर सांगितले. त्या दिवशी आम्ही दोन्ही वर्षांची पत्रके शेजारी ठेवली आणि नाव व साल हाताने झाकले. उरलेल्या भागात एकही समान खूण सापडली नाही.

ही हाताने झाकण्याची चाचणी आम्ही तेव्हापासून प्रत्येक वर्षी करतो. मागच्या परिषदेला आलेल्या, पण डिझाइनशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना नाव झाकलेले पत्रक दाखवायचे आणि हे कशाचे आहे एवढेच विचारायचे. ‘छान आहे’ हे उत्तर आम्ही मोजत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही चिन्ह काढणे थांबवून भांडे शोधायला लागलो. भांडे म्हणजे अशी बाह्यरेषा, जी कायम राहील आणि जिच्या आत दर वर्षी वेगळा माल भरता येईल. ऑलिम्पिकमध्ये पाच कडी तीच राहतात आणि प्रत्येक यजमान शहर आपले वेगळे चिन्ह त्यांच्यासोबत मांडते. आम्हाला त्याहून घट्ट बांधणी हवी होती, कारण आमच्याकडे शंभर वर्षांची ओळख नव्हती. उत्तर सांगलीजवळच्या हरिपुरात होते. हळद साठवण्याचे जमिनीतले पेव तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असते. तो आकार या व्यवसायातल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आम्ही त्याचा उभा छेद घेतला, रुंदी आणि उंची यांचे प्रमाण पाचास सात ठरवले, बाह्यरेषेची जाडी परिषदेच्या नावाच्या शिरोरेषेइतकीच ठेवली आणि प्रत्येक कागदावर पेव डावीकडे व नाव उजवीकडे, अशी जागाही पक्की केली. आकार, अक्षरे, जागा आणि हळदी रंग हे कायमचे. आतला भराव आणि सोबतचा एक गडद रंग त्या त्या वर्षाचा.

कागदावर सोपा वाटणारा हळदी रंगच छपाईत सर्वांत त्रासाचा ठरला. निमंत्रणावर तो हळदीसारखा दिसे, फ्लेक्सवर नारिंगी होई आणि दुसऱ्या यंत्रावर लिंबासारखा हिरवट. फाइलमधले आकडे तेच ठेवले तरी यंत्र, शाई आणि फ्लेक्सचा पृष्ठभाग बदलला की रंग बदलतो. म्हणून आम्ही पिवळा शंभर टक्के ठेवून मॅजेंटा १५ ते ४० टक्क्यांपर्यंत पाच-पाचने वाढवत सहा चौकोनांची एक पट्टी करतो, ज्या यंत्रावर काम होणार त्याच यंत्रावर ती छापून घेतो आणि दुपारच्या उजेडात खऱ्या हळकुंडाच्या पुडीशेजारी धरून चौकोन निवडतो. आणखी एक नियम याच पट्टीने शिकवला : हळदी रंग केवळ पार्श्वभूमीला वापरायचा, कारण पांढऱ्यावरची पिवळी अक्षरे चार पावलांवरूनसुद्धा वाचता येत नाहीत.

नावाची फाइल बाहेर देताना अक्षरे कोरलमध्ये कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्टऐवजी रेषाकृती करूनच द्यायची, हेही एका कमानीवर जोडाक्षरे तुटलेली पाहिल्यानंतर ठरले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मानांकनाचे चिन्ह पेवाच्या आत बसवावे असा आग्रह झाला. आम्ही नकार दिला. एकदा दुसऱ्याचे चिन्ह आत गेले की पुढच्या वर्षी मुख्य प्रायोजकही तीच जागा मागणार, हे उघड होते. मानांकनाचा उल्लेख तळपट्टीत आला आणि पेवात त्या वर्षी ओळीने रचलेली हळकुंडे राहिली.

आमची खरी चूक मात्र पुढे झाली. एका वर्षी परिषदेचा विषय ठिबक सिंचन होता. आम्ही पेवात निळे थेंब भरले, समितीला ते आवडले, झाकण्याच्या चाचणीतही सर्वांनी परिषद ओळखली. प्रूफ घेऊन हरिपूरच्या एका वयस्कर व्यापाऱ्यांकडे आम्ही दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. त्यांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, “अहो, पेवात पाणी शिरलं म्हणजे हळद गेली. हे काय काढलंत तुम्ही?” 2005 च्या पुरात तिकडच्या कित्येक पेवांची काय गत झाली, हे त्यांना सांगावे लागत नव्हते, ते आमच्या लक्षात यायला हवे होते. आमची चाचणी ओळख तपासत होती, अर्थ तपासत नव्हती. छपाईला चार दिवस उरलेले असताना थेंब काढले, आणि ठिबकच्या नळीवर ठरावीक अंतराने छिद्रे असतात तशी लहान लहान हळकुंडे समान अंतरावर मांडून भराव नव्याने केला. तेव्हापासून नियमांच्या कागदावर एक ओळ वाढली आहे : जे खऱ्या पेवात जाऊ शकते तेच चिन्हाच्या पेवात जाईल.

हा कागद एकच पान आहे आणि तो मुद्दाम तेवढाच ठेवला आहे, कारण समिती दर वर्षी बदलते आणि नवा सचिव तीस पाने वाचत नाही. त्यात लहान आकारासाठीही सूचना आहे. पेवाची उंची पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी झाली, किंवा व्हॉट्सॲपच्या गोल चित्रात ते बसवायचे असले, की भरावाचा नुसता डाग होतो. तिथे आतून भरीव पेवच वापरायचे. व्यासपीठामागचा मोठा पडदाही आता दोन भागांत असतो. पेवाची बाह्यरेषा आणि नाव असलेले कापड वर्षानुवर्षे तेच वापरले जाते. भरावाचा आणि सालाचा तुकडा तेवढा नवा छापला जातो. आमचे बिल त्यामुळे कमी झाले, हे खरे आहे.

या पद्धतीची मर्यादाही आता दिसू लागली आहे. गड्डे, हळकुंडे, पाने, पोती, भुकटीचे कण असे जे जे पेवात शोभू शकते ते बहुतेक वापरून झाले आहे, आणि दोन वर्षांचे भराव फार जवळचे झाले की साल पाहिल्याशिवाय वेगळेपण कळत नाही. गेल्या वर्षी आम्ही वस्तू तीच ठेवून रचना बदलली : तीच हळकुंडे, पण वरून पाहिल्यासारखी आडवी कापलेली. चाचणीत सहापैकी दोघांना तो लाकडाचा छेद वाटला. येत्या वर्षीचा विषय निर्यात आहे. कंटेनर पेवात जात नाही, असे आमच्यातल्या सर्वांत तरुण सहकारी मुलीने पहिल्याच बैठकीत बजावले आहे, आणि भरावाची जागा सध्या कोरी आहे.