चौदा जणींसमोर आलेलं मागणं

“भिशीत सगळ्यांसमोर एखादीनं पैसे मागितले आणि आपल्याला द्यायचे नसतील, तर तिला खाली मान घालायला न लावता नाही कसं म्हणायचं?”

तिथं, त्या बैठकीत, नाही म्हणायचंच नाही. हो पण म्हणायचं नाही. पण गप्पही बसायचं नाही.

आमची भिशी चौदा जणींची, महिन्याला 2,000 प्रत्येकीचे, म्हणजे चिठ्ठी निघेल तिला 28,000. वही माझ्याकडे असते. दर महिन्याच्या 10 तारखेला अशोक चौकाजवळ आमच्या घरी जमतो. मागल्या वर्षी अशाच एका बैठकीत चहा झाल्यावर एक अक्का बोलल्या. टॉवेलच्या कडा शिवण्याचं काम करतात त्या. मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला होता आणि पंधरा दिवसांत 60,000 भरायचे होते. “कुणाकडं जमत असंल तर बघा की गं. प्रत्येकीनं पाच-पाच हजार दिले तरी माझं भागतंय. दिवाळीपर्यंत फेडते.” बोलताना त्या हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

अशा वेळी पुढं काय होतं ते मी कितीदा तरी पाहिलंय. पहिली म्हणते, आमच्याकडं आत्ताच घराचं काम काढलंय. दुसरी म्हणते, ह्यांचा पगारच झाला नाही. मग तिसरी, चौथी. एकीचं नाही माणूस सोसतो, पण तेरा जणींचं ओळीनं ऐकायचं म्हणजे उभ्या उभ्या सोलून निघणं आहे. आणि त्यातली निम्मी कारणं खरी नसतात. तीच बाई पुढं गड्ड्याच्या यात्रेत नवी पाटली घालून दिसते, तेव्हा मागणारीला दुसऱ्यांदा लागतं.

म्हणून ही ओळ सुरूच होऊ द्यायची नाही. मी लगेच म्हणाले, “अक्का, पोरगीला फार्मसी मिळाली हे आधी का नाही सांगितलं? संध्याकाळी मी येते, आपण दोघी निवांत बोलू. आणि जिला काय बोलायचं असंल तिनं अक्कांना घरी फोन करायचा.” मग उठून कप गोळा केले. यात मी काहीच कबूल केलं नव्हतं. पण त्यांचं बोलणं ऐकलं गेलं, आणि बाकीच्यांना तिथल्या तिथं उत्तर द्यायची गरज उरली नाही. जिला खरंच द्यायचे असतील तिची वाटही मोकळी राहिली. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या नाहीमुळं दुसरीचं हो अडता कामा नये.

संध्याकाळी म्हणजे त्याच संध्याकाळी. हे मी एका चुकीतून शिकले. पूर्वी आमच्यातल्याच एकीनं 30,000 मागितले होते आणि मी तिला म्हणाले होते, “बघू की, पुढच्या महिन्यात जमतंय का.” मला वाटलं, हे नाहीच आहे, तिला कळेल. तिला ते हो वाटलं. तीन आठवडे ती थांबली आणि शेवटी शेकडा पाचनं उचलले, म्हणजे महिन्याला दीड हजार नुसतं व्याज. मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं असतं तर ते तीन आठवडे तिच्या हातात राहिले असते. नंतर ती भिशीला यायची बंद झाली. “बघू” हा शब्द मी तेव्हापासून पैशाच्या बोलण्यात वापरत नाही.

अक्कांच्या घरात सासू, दोन पोरं. तिथं बसून बोलायचं म्हणजे पुन्हा चारजणांतच. म्हणून त्यांना घेऊन सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चालत निघाले. शेजारी शेजारी चालताना एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, त्यामुळं अवघड बोलणं सोपं जातं. पहिलंच वाक्य मी असं बोलले: “अक्का, पैसे द्यायला मला जमणार नाही. आधी हेच सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यावर अवलंबून राहणार नाही.” मग एकच कारण. “भिशीची वही माझ्याकडं आहे, म्हणून भिशीतल्या कुणाशी मी देणं-घेणं ठेवत नाही.” ते खरं होतं, आणि त्यात त्यांच्या ऐपतीवर किंवा शब्दावर काहीच येत नव्हतं.

कारण एकच द्यावं. पैसे बँकेत ठेव म्हणून अडकलेत असं सांगितलं, की ठेव मोडता येते असं उत्तर येतं. ह्यांना विचारावं लागेल म्हटलं, की “मी बोलते भाऊजींशी” असं येतं. त्यात त्यांचा दोष नाही, गरज असलेला माणूस प्रत्येक दार ढकलून बघणारच. एकेक कारण पडत गेलं की शेवटी उरतं ते नुसतं “तुला द्यायचे नाहीत”, आणि तेच मनाला लागतं. अक्कांनीही पाच-दहा पावलं चालून विचारलं, “दहा तरी?” मी नवं काही न शोधता तेच वाक्य पुन्हा म्हणाले, तेवढ्याच मऊपणानं. मग आम्ही थोडा वेळ गप्प चाललो. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. अशा वेळी बायका खर्च कसा कमी करावा ते सांगायला लागतात, एवढं महाग कॉलेज कशाला असंही म्हणतात. मागणाऱ्याला नाहीपेक्षा ते जास्त झोंबतं.

मग मी विचारलं, 60,000 एकदम भरायचेत का? त्यांनाही माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजच्या कार्यालयात गेलो आणि अर्ज दिला. 28,000 आत्ता, उरलेले 32,000 दोन हप्त्यांत, असं ठरलं. आता 28,000 म्हणजे आमच्या भिशीचा एक नंबरच. अक्कांची चिठ्ठी अजून निघायची होती. त्या महिन्याचा नंबर जिला लागला होता तिनं रक्कम अजून उचलली नव्हती. तिला मी एकटीला घरी जाऊन विचारलं, अदलाबदल चालंल का. गटात विचारलं असतं तर तीसुद्धा त्याच पेचात सापडली असती. “नको वाटलं तर नको म्हणा, मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही,” हे आधी बोलले. ती तयार झाली.

यातली जोखीम मी अक्कांपुढं उघड ठेवली. रक्कम आधी उचलली तरी राहिलेल्या प्रत्येक महिन्याला 2,000 भरायचेच, आणि त्या चुकल्या तर ती तूट मला भरावी लागणार. हा मार्ग नेहमी निघत नाही. जिचा नंबर आधीच होऊन गेलाय तिच्यासाठी भिशीत काही उरत नाही, मग नुसतं स्पष्ट नाही आणि सोबत, एवढंच आपल्या हातात असतं.

दोघी-तिघींनी नंतर मला विचारलं, दिलेस काय गं शेवटी? “ते अक्कांचं आणि माझं,” एवढंच म्हणाले. नाही दिले हेसुद्धा सांगायचं नसतं.

पुढच्या 10 तारखेला माझा जीव दारात होता, त्या येतात का नाही म्हणून. सगळ्यांच्या आधी आल्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणली होती. खिडकीजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी बसल्या, पाचशेच्या चार नोटा माझ्या वहीवर ठेवल्या आणि म्हणाल्या, “मोजून घे.”