दुखणे थांबले त्या संध्याकाळी

सांगलीतल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात व्हॉलीबॉलचे खेळाडू नेहमी येतात, कारण या पट्ट्यात गावोगावी व्हॉलीबॉल खेळला जातो. परंतु ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे, त्या दिवशी आलेला खेळाडू एक मागणी घेऊनच आला होता. वय एकवीस, उंची सहा फुटांच्या वर, महाविद्यालयाच्या संघातला मिडल ब्लॉकर. सोबत त्याचे मामा आणि संघाचे प्रशिक्षक होते. विद्यापीठाचे सामने दहा दिवसांवर आले होते आणि प्रशिक्षकांनी बसण्याआधीच सांगितले, "मॅडम, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्या. सामने होईपर्यंत गुडघा गप्प बसला म्हणजे झाले."

कुठे दुखते असे विचारल्यावर त्याने गुडघ्यावर तळवा फिरवला नाही. वाटीच्या खालच्या टोकावर एकच बोट ठेवले आणि पुन्हा पुन्हा तिथेच ठेवले. वाटीच्या मागच्या भागातून येणारे दुखणे बहुधा पसरट असते आणि रुग्ण सगळी वाटी हाताने झाकून दाखवतो. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये दुखरी जागा अनेकदा आणखी खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर असते. या मुलाने दाखवलेली जागा वाटीला नडगीशी जोडणाऱ्या जाड कंडरेच्या मुळाशी होती. उडी मारणाऱ्या खेळाडूंच्या या दुखण्याला १९७३ पासून 'जंपर्स नी' म्हणतात, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका पाहणीत वरच्या दर्जाच्या व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे ३२ टक्के खेळाडूंना ते असल्याचे आढळले होते.

त्याची हकिकतही त्याच दिशेने जाणारी होती. तीन महिन्यांपूर्वी संघाचा सराव मातीच्या मैदानावरून सिमेंटच्या कोर्टवर गेला आणि त्याच सुमारास दिवसातून दोन वेळा सराव सुरू झाला. सुरुवातीला अंग गरम झाले की दुखणे नाहीसे होई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पुन्हा जाणवे. पुढे सरावाच्या शेवटी दुखू लागले, मग पहिल्याच ब्लॉकला. एकाने सल्ला दिला म्हणून त्याने तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. त्या काळात गुडघा अगदी बरा वाटला, आणि मैदानावर परतल्याच्या पहिल्या दिवशी दुखणे पूर्वीपेक्षा जोराने आले. यात आश्चर्य नाही. भार नसताना ही कंडरा दुखत नाही, पण भार पेलण्याची तिची ताकदही त्या काळात घटते. म्हणजे परतणारा खेळाडू गेला होता त्यापेक्षा दुबळी कंडरा घेऊन त्याच उड्या मारू लागतो.

मामांच्या हातात सोनोग्राफीचा अहवाल होता. त्यांना कोणीतरी "शिर फाटली आहे" असे सांगितले होते आणि ते मनापासून घाबरले होते. अहवालात कंडरा वरच्या टोकाशी जाड झाल्याची आणि तिथे काळसर भाग दिसत असल्याची नोंद होती. परंतु तपासणी दोन्ही गुडघ्यांची झाली होती आणि डाव्या गुडघ्याबद्दलही जवळजवळ तेच वाक्य लिहिलेले होते. डावा गुडघा त्याला कधीही दुखला नव्हता. ती दोन वाक्ये मी मामांना शेजारी-शेजारी वाचून दाखवली. उड्या मारणाऱ्या अनेक खेळाडूंच्या कंडरेत असे बदल दिसतात आणि त्यांतल्या कित्येकांना काहीच त्रास नसतो, त्यामुळे निदान चित्रावरून नव्हे तर भाराला गुडघा कसा प्रतिसाद देतो यावरून करावे लागते.

तो प्रतिसाद पाहण्यासाठी मी त्याला पंचवीस अंशांच्या उतरत्या फळीवर, बोटे उताराच्या बाजूला करून, एका पायावर उभे केले आणि धड ताठ ठेवून सावकाश गुडघा वाकवायला सांगितले. या स्थितीत भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर आणि त्यामार्गे थेट या कंडरेवर येतो. दोन पायांवर बसताना त्याचे दुखणे दहापैकी दोन होते, एका पायावर सपाट जमिनीवर चार, आणि फळीवर सात. भार वाढला तसे दुखणे वाढत गेले, पण जागा तसूभरही हलली नाही. माझ्या दृष्टीने निदान इथे झाले. कंडरा दाबून दुखते का हेही पाहिले, परंतु केवळ त्यावर मी विसंबत नाही, कारण निरोगी खेळाडूंनाही तिथे दाबल्यावर दुखू शकते. उजव्या मांडीचा घेर कमी झाला होता, आणि एका पायावर टाच उचलण्याची हालचाल डाव्या पायावर पंचवीस वेळा होत असताना उजव्यावर बाराव्या वेळी थांबली.

प्रशिक्षकांना मी सांगितले की कंडरेभोवती दिलेले स्टेरॉइड काही आठवडे आराम देऊ शकते, परंतु पुढच्या काही महिन्यांत त्याचा परिणाम व्यायामापेक्षा वाईट ठरतो. इंजेक्शनचा विचार करण्याआधी अर्धा तास मला द्यावा, अशी विनंती केली.

मांडीच्या यंत्रावर, म्हणजे लेग एक्स्टेंशनवर, त्याला बसवले. गुडघा साठ अंश वाकलेल्या स्थितीत ठेवून वजन एका पायाने पेलायचे आणि पाय न हलवता पंचेचाळीस सेकंद धरून ठेवायचे. मग दोन मिनिटे विसावा. असे पाच वेळा. वजन त्याच्या कमाल ताकदीच्या सुमारे सत्तर टक्के हवे. आमच्याकडे ताकद मोजण्याचे यंत्र नाही, म्हणून तिशीच्या पुढच्या सेकंदांत मांडी थरथरू लागेल पण पंचेचाळिसापर्यंत पाय खाली येणार नाही, एवढे वजन शोधले. या व्यायामात सर्वांत जास्त चूक इथे होते. वजन हलके ठेवले तर खेळाडू मिनिटभर आरामात धरतो आणि काहीच बदलत नाही. दुसरी चूक म्हणजे श्वास रोखणे, म्हणून मी त्याला मोठ्याने आकडे मोजायला लावले. पहिल्यांदा धरताना दुखणे चार होते, तिसऱ्यांदा दोन, पाचव्यांदा त्याने फक्त "ओढ बसते" एवढेच सांगितले.

लगेच त्याला पुन्हा फळीवर उभे केले. सातचे दोन झाले होते. त्याने तीनदा गुडघा वाकवून पाहिला, मामांकडे बघितले आणि कोणाला काही कळायच्या आत जागेवर ब्लॉकची उडी मारली. प्रशिक्षक उभे राहून म्हणाले, "झाला की बरा!"

तो दिवस माझ्या लक्षात राहिला तो या वाक्यामुळे. या व्यायामाचा खरा धोका दुखणे कमी न होण्यात नसून ते इतक्या चटकन कमी होण्यात आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एबोनी रिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने, पाच वेळा पंचेचाळीस सेकंद, व्हॉलीबॉलपटूंची तपासणी केली, तेव्हा फळीवरचे सरासरी दुखणे सातवरून जवळजवळ शून्यावर आले आणि हा आराम किमान पाऊण तास टिकला. पण त्या अभ्यासात खेळाडू सहाच होते आणि नंतरच्या अभ्यासांत सर्वांना एवढा आराम मिळालेला नाही. माझ्याकडेही काहींचे दुखणे जराही हलत नाही. तेव्हा मी आधी वजन आणि कोन तपासते आणि मग निदानाचा पुन्हा विचार करते. शिवाय ज्यांना आराम मिळतो त्यांच्या कंडरेत अर्ध्या तासात काहीही भरून आलेले नसते. दुखण्यामुळे मेंदूने रोखून धरलेला मांडीचा स्नायू मोकळा होतो, हे त्या आरामाचे एक संभाव्य कारण मानले जाते. कंडरेचे तंतू भाराला सरावायला महिने लागतात. धरून ठेवण्याच्या व्यायामाचे माझ्या लेखी मोल हे, की दुखऱ्या गुडघ्यावरही जड भार देता येतो आणि पुढचे काम सुरू करता येते.

प्रशिक्षकांना हे पटवण्यासाठी मी मुलाला एक काम दिले. दररोज सकाळी उठल्यावर फळीवर एकदा गुडघा वाकवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखले तरी चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा नेहमीपेक्षा वर गेला, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजायचे. सामन्यांतून त्याला काढा असे मी म्हटले नाही, कारण अशी कंडरा एका सामन्यात तुटण्याची शक्यता फार कमी असते. सरावातल्या उड्या निम्म्यावर आणायच्या, लागोपाठ दोन दिवस उड्या नाहीत, आणि सामन्याआधी पाच वेळा धरून ठेवायचे, एवढे ठरले. प्रवासात यंत्र मिळणार नव्हते, म्हणून गुडघ्यांच्या मागून जाड पट्टा खांबाला बांधून, मागे रेलून नडग्या उभ्या ठेवत अर्धवट बसण्याची पद्धत त्याला शिकवली.

तो दोन सामने खेळला. तिसऱ्या दिवशी सकाळी वहीत सहा लिहिले गेले आणि प्रशिक्षकांनी, मला न विचारता, त्याला राखीव बाकावर बसवले. इंजेक्शनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. सकाळचा आकडा दोनवर स्थिरावल्यावर एकाआड एक दिवस जड आणि सावकाश व्यायाम आले: लेग प्रेस, लेग एक्स्टेंशन, एक पाय मागे ठेवून बैठका आणि टाच उचलणे. आधी प्रत्येकी पंधरा आवर्तने, मग वजन वाढवत सहापर्यंत. मधल्या दिवशी धरून ठेवणे चालूच राहिले. या टप्प्यावर तो कंटाळला, कारण दुखणे जवळजवळ नव्हते आणि उड्या अजून बंद होत्या. उजवा पाय ताकदीत डाव्याच्या जवळ आल्यावरच उड्या सुरू केल्या, त्याही दर तिसऱ्या दिवशी, आधी दोन पायांवर आणि कमी उंचीच्या. नेदरलँड्समधील ७६ खेळाडूंच्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, टप्प्याटप्प्याने भार वाढवण्याची ही पद्धत केवळ वेदना सहन करत फळीवर बैठका मारण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. तरीही २४ आठवड्यांनंतर आपल्या पूर्वीच्या पातळीवर परतलेले खेळाडू निम्म्याहून कमी होते. हा आकडा मी त्याला दुसऱ्याच भेटीत सांगितला होता.

पूर्ण सामने खेळायला त्याला सात महिने लागले. आता हंगामातही तो आठवड्यातून दोनदा जड व्यायाम करतो, दोन्ही पायांचे. सोनोग्राफी पुन्हा करावी का, असे मामांनी विचारले, तेव्हा मी नको म्हणाले. तो काळसर भाग बहुधा तिथेच असेल. सकाळचा आकडा मात्र एक आहे, आणि आमचे निर्णय त्यावरच होतात.